पान अकरावर तिघंही अडखळले

ती. ताईस,

तुला नमस्कार आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला त्याहून मोठा नमस्कार, कारण हल्ली फोनवर तूही आधी त्याचीच खुशाली सांगतेस. जिना टाळतेस ना? आम्ही सगळे ठीक आहोत. मी सोडून. मला काही झालेलं नाही, मला फक्त तिघांनी वाचलं आहे.

तुला माहीत आहेच की प्रकाशकाला माझ्या लेखांचं पुस्तक काढायचंय आणि त्यात बाबांवर एक नवा लेख हवाय, येत्या सोमवारपर्यंत. बत्तीस वर्षं मी दर आठवड्याला वेळेवर मजकूर देत आलो, तेव्हा चौदा पानं लिहायला कितीसा वेळ लागणार? चार दिवसांत लिहिली. दोनदा डोळे पुसले (माझेच, माझ्याच वाक्यांवर, यातच मी सावध व्हायला हवं होतं). मग तीन प्रती काढून तिघांना दिल्या आणि म्हणालो, अगदी परखड सांगा, भीड ठेवू नका. ताई, हे वाक्य माणूस बोलतो तेव्हा त्याला ‘वा!’ ऐकायचं असतं, हे मला आयुष्यभर दुसऱ्यांची पानं लाल करूनही कळलं नव्हतं.

पहिले परतले वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांनी समास आखून घेतला होता. पान दोनवर बाबांनी शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान चाळीस वर्षं चालवलं आणि पान नऊवर अठ्ठावीस, तर मधली बारा कुठे गेली? शिवाय दुकान उघडलं त्या दिवशी मी किल्ली हातात धरून उभा होतो असं लिहिलंय, पण माझ्याच हिशेबाने तेव्हा मी पाच महिन्यांचा होतो. शेवटी त्यांनी सुचवलंय की शिवणयंत्राच्या शोधाचा इतिहास तीन पानांत द्यावा. मी त्यांना पाऊण तास समजावलं की आठवणींना गणित नसतं. ते चहा पीत म्हणाले, “बरोबर आहे. पण पाच महिन्यांच्या मुलाला किल्ली कोण देतं?”

मग आमच्या ऑफिसातली उपसंपादिका, जिला सगळे कात्री म्हणतात. (तिला हे ठाऊक आहे. आवडतंही.) तिची पेन्सिल बारीक आणि वाक्यं त्याहून बारीक. पान तीन: ‘इथे झोप लागली.’ पान पाच: ‘करुणेचा सागर काढा, माणूस आणा.’ पान सहा: ‘हे कुणाचेही वडील असू शकतात.’ मी तणतणत तिच्या टेबलाशी गेलो आणि सागर का आवश्यक आहे ते सांगू लागलो. तिने मान वर न करता विचारलं, “सर, पुस्तक विकलं गेलं की प्रत्येक प्रतीबरोबर तुम्ही पण जाणार आहात का समजवायला?”

आणि तुझी भावजय. तिने काहीच लिहिलं नाही, नुसतं भाजी निवडता निवडता म्हणाली की चौदा पानांत तुमच्या आईने फक्त एकदा पाणी आणून दिलंय. मी म्हणालो, लेख बाबांवर आहे. ती म्हणाली, “मग बाबा जेवत कुठे होते?”

दोन दिवस मी तिघांशी कामापुरतं बोललो. माझ्या वडिलांबद्दल बोलणारे हे कोण, असं मनात घोकत होतो. तिसऱ्या दिवशी बाबांच्या पत्र्याच्या पेटीतला तो चिंध्यांचा गठ्ठा निघाला. आठवतंय ना, यंत्र दुरुस्त झालं की ते एक चिंधी शिवायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात उलटी ठेवायचे? सरळ बाजू कुणालाही फसवते म्हणायचे. लोक यायचे ते निदान घेऊनच: खाली धाग्याचा गुंता होतोय, खालची बॉबिन बदला. बाबा बॉबिनला हात लावायचे नाहीत. वरचा धागा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसायचा, म्हणून गुंता खाली दिसायचा. गिऱ्हाइकाची तक्रार खरी मानायची, त्याने सांगितलेला उपाय नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. हे मी लेखात घातलंच नव्हतं, सागर घातला होता.

मग तिन्ही प्रती जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि पानागणिक बघितलं. चुका होत्या त्या मुकाट दुरुस्त केल्या, त्यात मान-अपमान कसला, किल्ली माझ्या हातातून काढून तुझ्या हातात दिली. सागर आटवला. आईचं मात्र नुसतं म्हणणं मान्य करून भागेना, कारण ती दुकानाच्या मागच्या खोलीत काज-बटणं करत होती, आणि ती आल्यावर झोप लागणारं पान तीन आपोआप जागं झालं. शोधाचा इतिहास मास्तरांचा, त्यांनीच लिहावा. मी आभार मानून बाजूला ठेवला. कात्रीने बाबांचं दोनदा तेच सांगणं कापायला सांगितलं होतं, ते ठेवलं. ते दोनदाच सांगायचे.

राहिलं पान अकरा. तिथे मास्तरांनी लिहिलंय, ‘एक पान गहाळ आहे का? आजाराची माहिती द्या.’ कात्रीने लिहिलंय, ‘इथे तुम्ही पळालात. संवाद घाला.’ तुझी भावजय म्हणते, तिथे मी उठून गॅस बंद करायला गेले, ते पानच काढा. तीन उपाय, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पण अडखळले तिघंही एकाच जागी, आणि माझा संतापही नेमका त्याच जागी सगळ्यात जास्त. बाबा असते तर चिंधी उलटी करून नुसते माझ्याकडे बघत बसले असते.

पान अकरावर एकच ओळ आहे: ‘बाबा शांतपणे गेले, आम्ही सगळे जवळ होतो.’

असो. गुडघ्याला जप. गरम पाण्याने शेकतेस का?

तुझा,
धाकटा

ता. क. दुकान कुठल्या साली सुरू झालं ते कळव. त्यासाठीच हे पत्र.

ता. क. २. साल मास्तरांनी काढून दिलंय. मला वेगळंच विचारायचंय. बाबा गेले त्या दिवशी तू चार वाजता फोन केलास तेव्हा मी ‘मजकूर देऊन निघतो’ म्हणालो होतो. घरातल्या कुंड्यांना पाणी किती घालावं, याचा मजकूर होता. पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. तू सगळ्या नातेवाइकांना सांगितलंस की धाकटाही जवळ होता, आणि अकरा वर्षांत एकदाही मला त्याची आठवण करून दिली नाहीस. ते पान खरं लिहायचं तर माझ्याबरोबर तुझंही खोटं उघडं पडेल, म्हणून तुला विचारतो. तू नको म्हणालीस तर लेखच देणार नाही, त्या ओळीसकट तर नाहीच. आणि हो म्हणालीस, तर चार ते सहाच्या दरम्यान काय झालं ते सांग. त्यांनी मला विचारलं होतं का?

ता. क. ३. हे पत्र तुझ्या भावजयीला वाचायला दिलं. (परखड सांग म्हणालो नाही.) तिने दोन गोष्टी सांगितल्या: आधीची पानं फाडा, आणि पत्र दुसऱ्या ता. क.पासून सुरू करा. पानं मी ठेवली आहेत, ती वाचताना तू हसशील म्हणून. दुसरं मात्र तिचं खरं आहे.