डब्याच्या झाकणावरची ओळ

२१ जानेवारी १९७३, रविवार. सकाळी.
आजपासून पुन्हा नियमित रोजनिशी. ही राहात्याला केशरकडे जाऊन बरेच दिवस झाले. हवापालटासाठी गेली आहे. लेकीकडे चार दिवस राहावंसं वाटणारच. बाकी विशेष काही नाही.
लंकाबाई (आमची शेजारीण, हिची मैत्रीण, जीभ तिखट) पोळी-भाजी आणून देते. ताट ठेवताना म्हणाली, हवापालट न्हाई आबासाहेब, ती रुसून गेलीया. मी लक्ष दिलं नाही.

२२ जाने.
लंकाबाईच्या म्हणण्यावर सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपेल. पाडव्याला ओवाळणीत मी हिला कविता घातली. स्वतःची, सुवाच्य अक्षरात, दोन कडवी. आता ती कविता आधी हेडमास्तरांच्या निरोपसमारंभात म्हटलेली होती हे खरं, पण चांगल्या कवितेला एकच प्रसंग पुरतो कुठे? नावं बदलली होती. फक्त दुसऱ्या कडव्यात 'गुरुवर्य' तसाच राहिला. नजरचूक. ही तेव्हा समारंभात बायकांच्या रांगेत बसली होती हे माझ्या ध्यानात नव्हतं.
हिने कागद वाचला, घडी घातली, स्टोव्हच्या पायाखाली सरकवला. स्टोव्ह त्या दिवसापासून हलत नाही. तुळशीचं लग्न झालं नि ही गेली.

२४ जाने. दुपारी.
योजना ठरली! हिचा जन्म रथसप्तमीचा. यंदा दहा फेब्रुवारी, शनिवार. स्टीलचा झाकणाचा डबा घेणार, त्यावर ओळ घालून घेणार आणि स्वतः राहात्याला नेऊन देणार. येताना ही बरोबर. लोणीमार्गे एस.टी.त दोन जागा धराव्या लागतील. एक खिडकीची, हिला.
तिथिवार वाढदिवस आजवर केला नाही. त्यामुळे परिणाम मोठा होईल.

२६ जाने.
डबा घेतला. फर्स्ट क्लास. बाजारात कानिफनाथ भांड्यांवर नावं घालतो, त्याच्याकडे गेलो. काय घालू म्हणाला. मी म्हटलं, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तो छिन्नी उचलून लगेच ठोकायलाच बसला. मी म्हटलं, थांब. त्याच्यासमोर पाच-सहा भांडी होती, सगळ्यांवर 'सप्रेम भेट'. आमचा डबा त्या रांगेत बसवून पाहिला तर कुणाचा कोण हे ओळखू येईना. हार्दिक म्हणायला हृदय कुठलं, तेच दिसेना.
पाचवीत आमचे मास्तर कविता शिकवताना डोळे मिटायचे. आम्ही पोरं पारनेरच्या शाळेच्या पत्र्याखाली तापायचो, तरी अंगावर काटा यायचा. ती जात वेगळी. ओळ मी घरी करून आणतो म्हटलं. कानिफ म्हणाला, आणा, पर लगीनसराई हाय, गुरुवारच्या आत आणा, आनि झाकनावर दोन ओळींच्या वर मावायचं न्हाई.
दोन ओळी! मला पाच मिनिटं पुरतील.

२९ जाने.
पाच मिनिटं पुरली नाहीत. पण झाली. 'हे तेजस्विनी, तव कीर्तीचा परिमळ दिगंती दरवळो, तव आयुष्यचंद्रास क्षय ना कळो.'
लंकाबाईला म्हणून दाखवली. तिने पोळी उलटायची सोडून विचारलं, कोन वारलं? मी सांगितलं, वाढदिवस आहे. मग म्हणाली, कारखान्याच्या चेअरमनचा का?
अशिक्षितपणा. पण रात्री एक गोष्ट सुचली. ओळीत 'हे तेजस्विनी'च्या जागी 'हे चेअरमन' घालून म्हटली. बसली! वृत्तसुद्धा मोडलं नाही. हेडमास्तर घातले, तेही बसले. हा आपला पाडव्याचाच आजार आहे असं क्षणभर वाटून गेलं.
संकल्प: ओळ अशी हवी की नाव बदललं की मोडली पाहिजे.

१ फेब्रुवारी. सकाळी.
गुरुवार. कानिफला सांगितलं, पुढच्या गुरुवारी. त्याने दुसऱ्याचा हंडा पुढे ओढला.
नवी ओळ: 'मी कविता म्हणे, तू तांदूळ निवडी, तुझा एक हुंकार, माझी ओळ पुरी घडी.'
यात सत्य आहे. संध्याकाळी मी म्हणत असे, ही सूप घेऊन बसे आणि प्रत्येक ओळीला 'हं' म्हणे. तल्लीन होई. आता म्हणतो तर खोली नुसती ऐकते.

१ फेब्रु. रात्री.
लंकाबाईचं मत: यात मुक्ता कुठं हाय? यात तुमीच हाय. ती हुंकार देती, तुमी पुरे हुता. आनि ती तल्लीन नव्हती, खडे मोजत हुती.
जेवलो नाही. म्हणजे एक पोळी कमी.

३ फेब्रु.
आता हिच्याविषयीच. गुण काढले. कष्टाळू, सोशिक, सुगरण, देवभोळी. ओवीत बांधले. बरं जमलं.
लंकाबाई म्हणाली, ही तर मी बी हाय. माझ्या डब्यावर घाला. तिची जाऊ अंगणात होती, तीही म्हणाली, माझ्या बी.
विशेषणं सगळ्या बायकांची सारखीच निघतात. विशेषण म्हणजे तयार सदरा. हिच्या मापाचा हवा. आणि माप घ्यायला माणूस समोर हवं, ते राहात्याला.
केशरला कार्ड टाकलं होतं: आईला काय आवडतं ते गुपचूप विचारून कळव. उत्तर आज आलं. केशर लिहिते, आई म्हणते, मला काही नको, आणि त्यांना इतक्या वर्षांनी विचारावं लागतं काय.
उत्तर टाळलं आहे. स्त्रीस्वभाव.

४ फेब्रु. रविवार.
दिवसभर बसलो. हिच्याबद्दल फक्त हिचं असं काय ठाऊक आहे ते आठवायचं. लुगडं कुठल्या रंगाचं? आठवेना. गाणं? गात नाही. म्हणजे मी घरात असताना गात नाही. आवडती भाजी? मला वांगं आवडतं, ती करते, म्हणजे तिलाही आवडत असणार. पण ती वांगं खाताना मी पाहिलं आहे का?
डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: ही ताट ठेवून पाठमोरी चाललेली. पाठ ओळखीची आहे.
संध्याकाळी बधिर होऊन पडलो.

५ फेब्रु. सकाळी. अत्यंत महत्त्वाचं!
मागल्या दारी तोंड धुवायला गेलो तर फुटक्या घमेल्यात हिचा गवती चहा. गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली, टँकरला रांगा लागल्या, गल्लीतली तुळससुद्धा करपली. ही मात्र तांदूळ धुतलेलं पाणी सांडायची नाही. धुवणाची वाटी घेऊन वाकायची, घमेल्याच्या कडेकडेने ओतायची, आणि पानं बोटांत चुरून स्वतःच वास घ्यायची. मी पाहिलेलं आहे! खिडकीतून, कविता शोधताना. तेव्हा मला त्यात कविता दिसली नव्हती.
पानं सध्या जरा पिवळसर आहेत. सकाळच्या उन्हात सोन्याची वाटतात. शकुन चांगला.

५ फेब्रु. दुपारी.
पहिला खर्डा: 'सन १९७२च्या भीषण अवर्षणात तांदळाच्या धुवणावर गवती चहा जगवणारी माझी प्रिय धर्मपत्नी सौ. मुक्ताबाई हीस वाढदिवसानिमित्त सप्रेम भेट.'
आता नाव बदलून वाचलं. चेअरमन: मोडली. हेडमास्तर: मोडली. लंकाबाई: तिच्याकडे गवती चहाच नाही, मोडली. जिंकलो.

६ फेब्रु.
सुतळीने झाकण मोजलं. खर्डा मावत नाही, निम्माही नाही. काटाकाटी सुरू. 'भीषण' गेला, दुष्काळ आपला आपणच भीषण असतो. 'प्रिय' गेला, पाणी घालणं पाहिलं यातच तो आला. 'धर्मपत्नी' गेली, मुक्ता म्हटलं की पुरे, शिवाय तिला हाका मारताना मी नाव कधी घेतलेलं नाही, ते प्रथमच येईल. 'सप्रेम भेट' गेली. 'वाढदिवस' काढला, परत घातला, शेवटी काढलाच; रथसप्तमीला दिलं की वाढदिवस कळतोच.
मग मोठ्याने म्हटली. 'अवर्षणात' जिभेला अडखळलं, ही तो शब्द बोलत नाही. 'दुष्काळात' केलं. उरलं ते असं:
मुक्ता, दुष्काळात तांदळाच्या धुवणावर
तू गवती चहा जगवलास.
यमक नाही. उपमा नाही. मास्तरांनी डोळे मिटले नसते. तरी पुन्हा पुन्हा म्हणावीशी वाटते.
लंकाबाईने ऐकली. म्हणाली, ही मुक्ताच हाय. आता येईल ती.

८ फेब्रु. गुरुवार.
कानिफने ओळ घातली. समोर बसूनच होतो. ठिपक्याशेजारी ठिपका. 'गवती' आणि 'चहा' वेगळे पडू नयेत म्हणून त्याला तीनदा टोकलं, तर म्हणाला, आबासाहेब, तुमीच ठोका की मग. अक्षर सुरेख आलं आहे.
घर झाडलं. हिची गादी उन्हात टाकली. उद्या बाकीची आवराआवर.

९ फेब्रु.
आवराआवर झाली नाही. दिवसभर डबा पुसला.

१० फेब्रु. रथसप्तमी. रात्री उशिरा, घरी.
जसं घडलं तसं लिहितो.
राहात्याला पोचलो तर केशरच्या ओसरीवर हळदीकुंकवाच्या बायका. रथसप्तमीपर्यंत ते चालतं हे माझ्या लक्षात आलं नाही. ही कुंकू लावत होती. मी डबा पुढे केला. एका बाईने मधेच झाकण घेऊन मोठ्याने वाचलं. सगळ्या हसल्या. मुक्ताबाई, मालकांनी नाव घेतलं की हो! आता तुमी बी घ्या! ही लाल झाली.
मग हिने झाकण मागून घेतलं. अक्षरांखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. परत वाचलं. ही म्हणाली, तुम्ही बघत होता व्हय? मी म्हटलं, खिडकीतून. पदराने झाकण पुसलं, पुसण्यासारखं काही नव्हतं.
बायका गेल्यावर आत जाऊन ट्रंक भरू लागली. केशर म्हणाली, आई, आजच? ही म्हणाली, संध्याकाळची गाडी हाय ना. जावई गोरक्षराव टांगा बघायला निघाले. मी खिडकीच्या जागेबद्दल बोलणारच होतो.
लुगड्याची घडी घालता घालता हिने विचारलं, कसा हाय आता? फुटवे आले असतील.
मला आधी कळलंच नाही, कोण.
मी म्हणालो, सोनेरी झाला आहे.
हिची घडी थांबली. म्हणाली, धुवण घालत होता ना? मी म्हटलं, लंकाबाई पोळ्या देते, घरी भात होत नाही, धुवण कुठून येणार. ही म्हणाली, मग पाणी? मी म्हटलं, ओळीचं काम चालू होतं. ओळ जमेपर्यंत इतर कशात मन लागत नव्हतं. हे मी समजावून सांगत होतो, चांगलं सविस्तर.
हिने घडी घातलेलं लुगडं परत खुंटीवर टाकलं. रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर सुचलं असतं. म्हणाली, उशीर होईल, तुम्ही निघा. गोरक्षराव टांगा घेऊन आले, त्यात मी एकटा बसलो.
डबा ठेवून घेतला आहे. केशर त्यात तांदूळ भरत होती.

१२ फेब्रु. सकाळी.
घमेल्याला पाणी घातलं. दोन तांबे, कडेकडेने, तसंच वाकून. पानं बोटांत चुरली तर भुगा झाला. वास थोडा आला असावा.
लंकाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, आबासाहेब, वाळलंय ते. टँकरचं पानी हाय, कशाला घालवता?

१२ फेब्रु. संध्याकाळी.
अर्धा तांब्या घातला.