कायमची

मेडशी, शुक्रवार, संध्याकाळ

सुटीवर घरी असतानाच दुपारी ईमेल आला: ऑस्ट्रेलियात कायमस्वरूपी राहण्याचा व्हिसा मंजूर. शिक्का नाही, कार्ड नाही. पासपोर्ट भारताचाच, व्हिसा त्याच्या नंबराला जोडलेला. पाच वर्षं जा-ये मोकळी. नागरिकत्व पुढे कधी, मागितलं तर.

फेसबुकवर टाकायचा फोटो ठरला, तुरीच्या पिवळ्या फुलांत उभी मी. खालच्या ओळी जमेनात. ‘अखेर तिथली कायमची झाले’ असं मोठ्यानं वाचलं. आई शेंगा सोलत होती.

“कायमची? काहून वं? असं तं मेलेल्या माणसाले म्हंतेत.”

शब्द खोडला. ‘आभारी आहे’ ठेवलं, ते खरंच आहे. ‘घर मात्र मेडशीच’ लिहिलं. मग तिथली माझी खोली काय? कायम म्हणजे नक्की किती? खिडकीबाहेर पिवळं हलत राहिलं. क्षणभर वाटलं, मी दोन्हीकडे बसले आहे आणि कुणीच मला हाक मारत नाही.

शेवटी लिहिलं: ‘ऑस्ट्रेलियानं राहू दिलं, आभार. मेडशीत तूर फुलली आहे.’

आईनं दोनदा वाचून घेतलं.

“बरं हाये. पण वापस कवा येतं, थे लिवलंच नाई तू.”

मी अजून पोस्ट टाकलेली नाही.