शुभेच्छुकांमध्ये एक चेहरा हवा

सोमवार, ९ फेब्रुवारी
२१ तारखेला चाळिशी. निर्णय घेतला: वाढदिवसाचं विनोदी पोस्टर करायचं. गावाकडे पुढाऱ्यांचं लागतं तसं. मध्यभागी मी, गॉगल, सोन्याची साखळी (डाऊनलोड केलेली), खाली शुभेच्छुकांच्या गोल फोटोंची रांग. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत असं अजून कुणी केलेलं नाही. अर्थात, सगळं उपरोधाने. उपरोध सगळ्यांना कळतोच असं नाही, पण मी सांगेन.

बायको, म्हणजे संध्या, म्हणाली, स्वतःचं पोस्टर स्वतःच? मी म्हणालो, पुढारी तेच करतात. तिने वाटाणे सोलायला घेतले.

मंगळवार, १० फेब्रुवारी
शुभेच्छुकांची यादी केली. महांतेश.

यादी छोटी पण दर्जेदार आहे. महांतेश निपाणीचा, आता आनेकलला एका पॅकेजिंग कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. बंगळुरूत माझ्याशी मराठीत भांडणारा एकमेव माणूस. एका चेहऱ्याने रांग होत नाही, म्हणून त्याच्याच फोटोचे पाच अवतार करणार: मिशा, टक्कल, फेटा, डॉक्टर, आणि नथ घातलेली सौ. महांतेशी. पोट धरून हसेल.

बुधवार, ११ फेब्रुवारी
फोटो त्याच्या बहिणीच्या लग्नातला घेतला. तोंडात अर्धी होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी. ॲपने मागचं सगळं पुसलं, त्यात एक कानही गेला. दुसरा कान उलटा करून लावला. कुणाच्या लक्षात येणार नाही.

सकाळी परवानगीचा मेसेज टाकला. मी कुणाचा चेहरा न विचारता वापरणाऱ्यांतला नाही. मेसेज असा: "तुझा एक फोटो वापरू का? सरप्राइज आहे."

महांतेशचं उत्तर: कशाला? स्वल्प दाखव की आधी, मग सांगतो.

कलाकृती अपूर्ण असताना दाखवत नसतात. त्याला कलेतलं कळत नाही, तरी मी समजून घेतलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
संध्याला वाटतं, असं विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे. तिच्या मते पाच गोष्टी सांगायच्या. कुठला फोटो, त्याचं काय केलंय, कुठे लागणार आणि कोण बघणार, कधी काढणार, आणि नको म्हटलंस तर लावणार नाही. शिवाय पोस्टरचा फोटो जोडायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. ती एचआरमध्ये नसूनही असं बोलते.

मेसेज तसा लिहून पाहिला. वाचताना मलाच वाटलं, महांतेश नको म्हणेल. म्हणजे मेसेजमध्ये दोष आहे. पाचवा मुद्दा काढला, फारच नकारात्मक. दुसरा काढला, सरप्राइज फुटतं. चौथा मीच ठरवलेला नाही. तिसऱ्यात "थोडेफार लोक" असं ठेवलं. मेसेज आता सुटसुटीत झाला. उद्या पाठवतो.

शनिवार, १४ फेब्रुवारी
काल राहिलं. आज दुपारी दीडला पाठवला. शेवटी एक ओळ घातली: "पाचपर्यंत उत्तर नाही आलं तर होकार समजतो." ऑफिसात मंजुऱ्या अशाच मिळतात.

दोन करड्या टिक आल्या. म्हणजे पोचलं. पोचलं म्हणजे पटलं.

५.०१ — होकार मिळाला.

५.२० — संध्याने आठवण करून दिली की दुसऱ्या पाळीत त्यांचे मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये असतात. पण नियम म्हणजे नियम.

सोमवार, १६ फेब्रुवारी
काल महांतेशचा मिस्ड कॉल. आधीच आभार मानायला केला असणार. मी उचलला नाही, सरप्राइज फुटलं असतं. मग त्याचा मेसेज: "दाखवल्याशिवाय लावू नको." यात 'लावू नको' असलं तरी आधी 'दाखवल्याशिवाय' आहे. लावलं की दिसेलच.

आज प्रिंटवाल्याकडे. फ्लेक्स नको सर, इथे चालत नाही, सनबोर्ड घ्या, असं तो म्हणाला. व्हॉट्सॲपवरचा फोटो मोठा केला की फुटेल, मूळ फोटो मागवा, असंही. मूळ फोटो महांतेशकडे. मी म्हणालो, चालेल, विनोदी आहे. छापून आल्यावर महांतेश पाचही ठिकाणी दुरून ओळखू येतो, जवळून चौकोन दिसतात. माझा चेहरा मात्र उत्तम आलाय.

बुधवार, १८ फेब्रुवारी
क्लबहाऊसच्या दारात लावलं. वॉचमनने मला ओळखलं नाही, गॉगलमुळे. फोटो काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. एकशे चाळीस सदस्य, म्हणजे थोडेफारच. अकरा हसरे चेहरे आले. विश्वासरावांनी तीन टाकले. ते महांतेशच्याच कारखान्याचे मॅनेजर. चांगला माणूस.

गुरुवार, १९ फेब्रुवारी
विश्वासरावांनी तो फोटो कारखान्याच्या ग्रुपवर टाकला होता. मी टाकायला सांगितलं नव्हतं. टाकू नका असंही सांगितलं नव्हतं.

महांतेश आला. चहा नको म्हणाला. सकाळी पाळी सुरू होताना साठ जणांपुढे उभं राहून सूचना द्यायच्या असतात, तिथे मागून कुणीतरी 'महांतेशी मॅडम' म्हणालं आणि सगळी लाईन हसली. एकाला हेल्मेट घाल म्हणून सांगितलं तर त्याने, होय मॅडम, म्हटलं आणि हेल्मेट घातलंच नाही. हे सगळं त्याने आवाज न चढवता सांगितलं. आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

मी म्हणालो, विचारलं होतं की. तो म्हणाला, विचारलंस, पण उत्तर नको होतं तुला.

त्याच्या चार मागण्या: पोस्टर आज काढ. तुझा मेसेज ग्रुपवरून डिलीट कर. विश्वासरावांना त्यांचाही काढायला सांग. आणि दोन्हीकडे लिही की माझी परवानगी नव्हती. मी म्हणालो, पहिल्या तीन लगेच, चौथीत माझीच बदनामी आहे. तो चपला घालून गेला. जाताना फक्त संध्याला 'येतो अक्का' म्हणाला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
पोस्टर काढलं. मेसेज डिलीट केला, पण चौदा जणांनी फोटो सेव्ह केल्याचं सांगितलं, कौतुकाने. चौथं वाक्य सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा त्यात 'गैरसमज' हा शब्द आपोआप आला. शेवटी संध्याने फोन हातात घेऊन तो शब्द खोडला आणि मी पाठवलं: "महांतेशने परवानगी दिली नव्हती. तरी मी लावलं. फोटो असेल तर काढून टाका." विश्वासरावांनी ते पुढे टाकलं. या वेळी कुणी हसरा चेहरा टाकला नाही.

वाईट वाटतंय. लाज वाटतेय असं लिहिणार होतो, तेच खरं आहे.

शनिवार, २१ फेब्रुवारी
सकाळी १०.००
नव्याने सुरुवात. पाची चेहरे कटरने कापून काढले. पोस्टर घरातच लावायचं, विनोद वगैरे काही नाही, फक्त माझा आणि महांतेशचा एक साधा फोटो. महांतेशला मेसेज केला. फोटो जोडला. मिशा नाहीत, नथ नाही, दोन्ही कान त्याचेच. आमच्या हॉलमध्ये लागेल, मी आणि संध्याच बघू, ग्रुपवर जाणार नाही, संध्याकाळी काढेन. नको म्हणालास तर लावणार नाही आणि कारण विचारणार नाही. उत्तर येईपर्यंत थांबतो.

इतका चांगला मेसेज मी आयुष्यात लिहिला नव्हता. संध्यानेही वाचून एकही शब्द खोडला नाही. असा मेसेज आल्यावर कोण नाही म्हणेल?

१०.०२
नको.

१०.०५
मी 'सरी' लिहिलं, कन्नडमधलं 'ठीक आहे'. टिक निळ्या झाल्या. वाढदिवसाचं काही लिहिलेलं नाही. पाळीवर जायच्या घाईत असेल. सुटल्यावर लिहील.

संध्याकाळी ७.४०
आज त्याची सुट्टी होती, संध्याने सांगितलं.