शामरावानं पुरं केलेलं वाक्य

प्रिय आप्पा,

काल शामराव सुपरवायझरचा सत्कार झाला. आज सकाळी महादूची सुशीलाकाकी आपल्या दारात आली आणि आईकडं मागून पाणी प्यायली. तुम्ही गेल्यापासून ती आपल्या उंबऱ्याकडं फिरकली नव्हती. म्हणून हे पत्र. आईला सगळं सांगून झालं, आता तुम्हाला सांगायचं राहिलंय.

आधी तुमच्यावरचा राग काढते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. आप्पा, तुम्हाला कधी सरळ बोलता आलं नाही. आधी माणसाचं नाव, मग वेळ, आणि केलेलं काम सगळ्यात शेवटी. ‘म्या वाण्याला कालच सांगितलंय.’ ‘म्या मास्तरला परवाच भेटलोय.’ आई वैतागायची, म्हणायची, ‘आधी काय झालं ते सांगा की, वाण्याचं नाव काय करायचंय मला?’ तुम्ही हसायचात. त्या दिवशी तरी शेवट आधी सांगायचा होता, आप्पा. दोन शब्दांसाठी आम्ही किती वर्षं खाली मान घालून चाललो, माहीत आहे?

शिरोलीच्या कारखान्यातनं तुम्हाला टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं, तेव्हा मी दहावीला होते. गल्लीत फोन एकच, किराणा दुकानात, त्यावर निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही पट्ट्यांत गुंडाळलेले होता. कॉटच्या पायथ्याशी शामराव उभा होता, हात जोडून, चेहरा पाडून. शेजारच्या कॉटवर महादूकाका, डोळ्यावर बोळा. लोखंड ओतायचं ते दांड्याचं लाडल तुम्ही दोघांनी धरलं होतं. आदल्या दिवशी त्याला आतून मातीचं नवं अस्तर लावलं होतं आणि ते पुरतं वाळलं नव्हतं. ओल्या मातीवर वितळलेलं लोखंड पडलं की आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि लोखंड उसळून अंगावर येतं. हे तुम्हीच मला सांगितलं होतं, एकदा जेवताना. म्हणूनच तर नवं अस्तर पेटत्या लाकडांवर धरून आधी खडखडीत वाळवायचं असतं.

आईला तेवढं कळत होतं. ती तुमच्या तोंडाजवळ वाकली आणि रडत रडत तुम्हालाच रागावली, ‘अवो, वलं हाय म्हणून कुणाला सांगायचं तरी.’

तुम्ही डोळे उघडले आणि म्हणालात, ‘म्या शामरावला सकाळीच सांग...’

तिथं तुमचा श्वास अडकला. नर्सनं आम्हाला बाजूला केलं. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

आम्ही सगळे त्या तुटलेल्या टोकाकडं बघत होतो आणि तेवढ्यात शामराव बोलला. किती मायेनं बोलला, आप्पा. ‘सकाळीच सांगाय पायजे हुतं, असं म्हनतोय बिचारा. आता काय उपेग? देवा, याला माफ कर.’

झालं. एका दमात त्यानं तुमचं वाक्य पुरं केलं आणि स्वतःच्या गळ्यातला फास काढून तुमच्या गळ्यात घातला.

मला याची कमाल वाटते की दिवस घालायच्या आत सगळ्यांना ते पुरं वाक्य तुमच्याच तोंडून ऐकल्यासारखं वाटायला लागलं. नर्स तेच म्हणाली. महादूकाका तेच म्हणाले. कारखान्यातनं चौकशीला आलेल्या साहेबाला आईनंसुद्धा तेच सांगितलं. ‘आमचं मालक म्हनत हुते, सकाळीच सांगाय पायजे हुतं.’ तिच्या कानात तुमचा आवाज आणि शामरावाचे शब्द यांची शिवण बसली होती, ती उसवायची कशी? ओलं आहे हे माहीत असून गप्प बसला, स्वतःही मेला आणि महादूचा डोळाही घेऊन गेला, असं आपल्या कसबा बावड्यात ठरलं. सुशीलाकाकी रस्त्यात दिसली की पदर तोंडावर घेऊन पलीकडं व्हायची. आई दर दिवाळीला तिच्याकडं फराळाचं ताट पाठवायची. ताट तसंच परत यायचं.

मी बालवाडीत शिकवायला लागले तेव्हा मला तुमचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पोरं कधी वाक्य पुरं करत नाहीत, आप्पा. ‘बाई, त्यानं माझी...’ म्हणतात आणि भोकाड पसरतात. त्याचं ‘माझी’ काय, हे शब्दात सापडत नाही. पोराची नजर कुठं आहे ते बघायचं. त्याच्या आधी कोण काय बोललं ते आठवायचं. हे पोर एरवी कसं बोलतं ते माहीत असावं लागतं. आणि मुख्य म्हणजे, पलीकडचं पोर घाईघाईनं ‘तिची पेन्सिल तिनंच हरवली’ असं सांगत आलं, तर आधी त्याचा खिसा तपासायचा.

मग मी तुमचं वाक्य तसंच तपासलं. तुम्ही आईला उत्तर देत होता. ती म्हणाली होती, सांगायचं तरी. अंगावर आलेल्या आरोपाला माणूस उत्तर देतो तसा तुमचा आवाज होता, चढता. बोट उचललं होतं, ते पायथ्याकडं. आणि तुम्हाला चूक कबूल करायची असली की तुम्ही एवढा वळसा कधीच घेत नव्हता. छत्री विसरली तर दारातनंच म्हणायचात, ‘चुकलंच बघ.’ चूक आधी, कारण मागनं. नाव आणि वेळ आधी यायची ती फक्त केलेल्या कामाला. वाण्याला कालच. मास्तरला परवाच. शामरावला सकाळीच.

पण आप्पा, मी तुमची पोरगी. मला जे हवं ते मी तुमच्या तोंडात घालत नाही कशावरून? शामरावानं त्याला हवं ते घातलं, मी मला हवं ते. तुटलेलं वाक्य बिचारं कुणालाच नाही म्हणत नाही. त्यामुळं मी गप्प बसले. रात्रंदिवस जळत होते, पण गप्प बसले.

गेल्या पावसाळ्यात शामरावाचा नातू माझ्या वर्गात आला. आजोबा रोज सोडायला यायचे. एकदा पोराच्या अंगात ओला स्वेटर. मी म्हटलं, काका, वाळवून तरी घालायचा. तर शामराव म्हणाला, ‘घालतानाच वाळतंय की वो बाई. थांबून कुठं कामं व्हत्यात?’

मी पोराचा स्वेटर काढला आणि दोरीवर टाकला. तुम्ही सकाळी त्याच्याकडं गेलात, लाडल ओलं आहे म्हणालात, तेव्हा याच्या तोंडून काय निघालं असेल, ते मला ऐकू आलं. पण हाही अंदाजच. आणि तो खरा ठरवणारा माणूस एकच होता. मग ठरवलं, तुमचं वाक्य ज्यानं पुरं केलं, त्याच्याच तोंडून त्याचं वाक्य पुरं करून घ्यायचं.

ही युक्ती बालवाडीतलीच. गोष्ट सांगताना आपण मध्येच थांबतो. ‘आणि मग ससा...’ म्हणायचं, भुवया वर करायच्या, सगळ्यांकडं बघायचं. एकही पोर गप्प बसू शकत नाही. आधी दोनतीनदा सोपं सोपं विचारायचं, हसवायचं, की त्यांची जीभ सैल होते. मोठ्या माणसांचं वेगळं नसतं, त्यातून हार घातलेल्या मोठ्या माणसांचं तर नाहीच.

तर काल गल्लीतल्या मंडळानं ज्येष्ठ म्हणून त्याचा सत्कार ठेवला. आभार मानायला मी आपणहून नाव दिलं. नवी साडी नेसले, आप्पा. आईला पुढच्या रांगेत बसवलं. महादूकाका आणि सुशीलाकाकी मागं भिंतीला टेकून होते.

शामराव भाषणात म्हणाला, माझ्या कारकिर्दीत अपघात एकच, तोही कामगाराच्या गलथानपणानं. आईची मान खाली गेली. मग मी माइक घेतला.

म्हटलं, काकांची शिस्त आम्ही लहानपणापासून ऐकलीय. भट्टी पेटली की काका म्हणायचे... आणि माइक त्याच्या तोंडापुढं धरला.

‘थांबायचं न्हाय!’ तो म्हणाला. टाळ्या.

म्हटलं, कुणी रजा मागायला आला की काका म्हणायचे...

‘मेलास तरी पाळी भरून मर!’ हॉल हसला. तोही हसला, हार हलेपर्यंत.

मी त्याच आवाजात, तशाच भुवया वर करून म्हटलं, आणि त्या दिवशी सकाळी आमचे आप्पा आले, म्हणाले, साहेब, लाडल वलं हाय, वाळवूया, तेव्हा काका म्हणाले...

‘वततानाच वाळतंय की, घे भर!’

तो अजून हसतच होता. टाळ्यांची वाट बघत होता. एकही टाळी वाजली नाही.

मग त्याला कळलं. चेहरा कसा उतरला ते तुम्ही बघायला हवं होतं. मी पोटभर बघितला. तो म्हणाला, ‘तसं न्हाय... म्या त्याला म्हनजे...’ आणि थांबला. सगळ्यांकडं बघायला लागला, की कुणीतरी पुढचं बोलावं. आप्पा, भरलेल्या हॉलमधल्या एका माणसानंही त्याचं वाक्य पुरं केलं नाही.

मागनं महादूकाका उठले. एका डोळ्यानं त्याच्याकडं बघत, तुमचं नाव घेऊन म्हणाले, ‘म्हंजे सदानं तुला सांगितलं हुतं.’ बस्स, एवढंच. आणि काकीचा हात धरून बाहेर गेले. मी आभार मानले आणि खाली उतरले.

लोक म्हणतील, म्हातारा माणूस, सत्काराच्या दिवशी असं करायला नको होतं. मंडळाचा अध्यक्ष रात्री म्हणालाच. मी म्हटलं, आमच्या आप्पांचा दिवस कुठला होता? मला जरासुद्धा वाईट वाटलेलं नाही. रात्री कितीतरी दिवसांनी मी भाकरी चवीनं खाल्ली. माझ्या हातात असतं तर त्याला रोज हार घालून रोज तेच विचारलं असतं.

आज काकीनं येऊन पाणी मागितलं. आईनं तांब्या भरून दिला. काकी प्याली, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, ‘यंदाचं ताट पाठव गं.’ आई आत जाऊन रडली. नंतर तिनं मला विचारलं, ‘मंगल, ते “सांगितलं हुतं” असंच म्हनालते न्हवं? मला तसंच ऐकल्यागत वाटतंय.’ मी म्हटलं, व्हय आई, तसंच म्हणाले होते.

आप्पा, आता माझा शब्द घ्या. दुपारी शामराव पानपट्टीवर बसला होता. त्यानं गळाठलेल्या आवाजात काहीतरी सुरू केलं, आणि बाकड्यावरच्या पोरांनी एका सुरात पुरं केलं, ‘वततानाच वाळतंय!’ तो उठून घरी गेला. उद्या परत येईल, बोलायला तोंड उघडेल, पोरं परत पुरं करतील. त्यांची बालवाडीतली बाई मीच, मी एक शब्द टाकला तर पोरं गप्प बसतील. तो शब्द मी टाकणार नाही. तो जिवंत आहे तोवर नाही.

आणि तुमचं राहिलेलं आता कुणी विचारलं तर कुणाला पुरं करावं लागत नाही. तुम्ही शामरावाला सकाळीच सांगितलं होतं.

तुमची,
मंगी