रिनीच्या हातची बर्फी

४ जुलै, शुक्रवार
क्वालिटी विभागातली रिनी आज नोकरीत पक्की झाली. मिझोरमची पोर, इथे तिचं कुणी नाही. स्टोअरच्या मुली म्हणाल्या, "मिठाई तो बनती है।" म्हणून तिने बड़ा गणपतीकडच्या दुकानातून बर्फी आणली, सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यापर्यंत मांडीवर सांभाळत. प्रॉडक्शन लाइनवर वाटायला गेली, तर सुपरवायझर दुबेजी सगळ्यांसमोर बोलले, "इसके हाथ का मत लेना, ये लोग क्या-क्या खाते हैं।" पुढे आलेले हात मागे गेले.
मी तेव्हा तिथे नव्हते. आल्यावर डबा तसाच भरलेला दिसला.

७ जुलै, सोमवार
तिची लेखी तक्रार आली. चौकशी समिती: एचआरची मी, प्रॉडक्शनचे खन्नासाहेब, कामगारांतर्फे जोशीकाका. जीएम साहेबांनी आधीच निकाल देऊन टाकला. "कल्चरल मिसअंडरस्टैंडिंग है, मैडम। ट्रेनिंग करा दो।"
दुबेजी पुढच्या वर्षी निवृत्त होतात. गैरवर्तन ठरलं तर नोकरीही जाऊ शकते. नाही ठरलं तर रिनी जाईल, आणि ते कुठल्याच कागदावर यायचं नाही.
निकालापर्यंत दोघांपैकी कुणाशी उठबस नको. म्हणजे रिनीबरोबरचं रोजचं दुपारचं जेवणही बंद. तिला सांगायला हवं.

९ जुलै, बुधवार
दुबेजींचा जबाब, रिनीसमोर. शब्द नाकारले नाहीत, एवढं खरं. "हमारे यहाँ रीत है मैडम। घर में साला भी मांस खाता है तो उसकी थाली अलग। बेइज्जती थोड़ी है।" डोळ्यांत पाणी होतं. नाटक वाटलं नाही.
साल्याच्या थाळीची गोष्ट कारखान्यातली जुनी माणसंही सांगतात, म्हणजे खरी असावी. मग हा खरंच गैरसमज असेल का? मार्चमध्ये कँटीनच्या फ्रिजमधला रिनीचा डबा त्यांनी वेगळ्या कप्प्यात ठेवला होता, ते मी तेव्हा गैरसमज म्हणूनच सोडलं. तिला वाईट वाटलंय, हे मी स्वतः त्यांना सांगितलं होतं. हेडफोन्स घालून बसलेल्या माणसाला सांगावं तसं झालं, त्यांनी मनावर घेतलंच नाही.
घरी ह्यांना बोलले. म्हणे, "तू कशाला पडतेस यात? दोघांना चहा पाज, मिटव." चहाने मिटलं असतं तर मला पगार कशाला देतात!

११ जुलै, शुक्रवार
साक्षी. शब्द हिंदीत, बोलले तसेच लिहून घेतले. दुबेजींना उलट प्रश्न विचारू दिले, मदतीला त्यांचा सहकारीही होता.
मग राठौर भिया, त्यांच्याच लाइनवरचे. जोशीकाकांनी सहज विचारलं, "भिया, तुम तो हर शनिवार मटन लाते हो?"
"हाँ काका, सबको पता है।"
"लड़का हुआ तब पेड़े बाँटे थे?"
"बाँटे थे। दुबेजी ने तो दो लिए थे।"
मग मी दुबेजींना विचारलं, रिनीच्या बर्फीचं दुकान कोणतं, माहीत आहे? माहीत होतं. तिथूनच सणाला ते स्वतः मिठाई नेतात.
रीत खाण्याची असती, तर राठौरच्या पेढ्यालाही लागली असती. दोघांचं खाणं तेच, दुकानही दुबेजींच्या नेहमीचंच. फरक हातांचा.

१४ जुलै, सोमवार
समितीची बैठक. खन्नासाहेब: "इरादा नहीं था।" मी म्हटलं, शिक्षा कमी करायची का ते ठरवताना इरादा बघू, झालं काय ते आधी ठरवू. मार्चमध्ये एकदा सांगितल्यावर, सगळ्यांसमोर, एकीलाच, आणि 'ये लोग' म्हणून. कप्प्याची गोष्ट गैरसमज म्हणू, बर्फीची नाही. कप्प्याबद्दल दुबेजींशी मीच बोलले होते, तेही अहवालात घातलं.
जोशीकाकांची दुबेजींशी जुनी दोस्ती. "ताई, माणूस दिल का साफ आहे यार. पण बोलला तो बोलला." सही केली. खन्नासाहेबांनी वेगळं मत लिहिलं.
दोन विरुद्ध एक: गैरवर्तन. शिक्षेचं मॅनेजमेंट ठरवेल. फाइल जीएमकडे.

१६ जुलै, बुधवार
फाइल वरच आहे. जीएम साहेब विचारतात, "वर्डिंग थोड़ा सॉफ्ट हो सकता है क्या?" नाही म्हटलं. उद्या पुन्हा विचारतील.
लाइनवर दुबेजींशी सगळे जास्तच गोड बोलताहेत. कँटीनमध्ये रिनीच्या टेबलावर कुणी बसत नाही.
शिक्षा ठरेपर्यंत मीही बसू शकत नाही. आठवडाभर माझ्या केबिनमध्येच डबा खाते आहे. आज ती दाराशी आली. हातात एक सही करायचा कागद होता. माझ्या उघड्या डब्याकडे बघत राहिली.
"मैडम, आप भी?"
सात तारखेलाच सांगायचं होतं तिला. नियम आहे म्हटलं, शिक्षा ठरेपर्यंतच. तिने मान हलवली. "जी. दुबेजी ने भी यही बोला था, रीत है।"
कागद ठेवून गेली. पोळी तशीच राहिली.