घोटासुराच्या शिव्या

४ मार्च
राक्षस जमेना. नव्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात पाडव्याच्या आधी मुलांसाठी वाचन ठेवलंय आणि गोष्ट मी देते म्हणून बसले. विहीर एका घोटात पिणारा घोटासुर, आणि दोर धरून त्याच्याकडे उतरणारी काशी. बादली वर येते ती पाण्याऐवजी त्याच्या हसण्याने भरलेली. इथवर चांगलं. त्याने तोंड उघडलं की बिघडतं. "हे नीच मानवकन्ये!"
ह्यांना वाचून दाखवलं. पाऊस नाही, माल नाही, अडत बंद, हे घरीच. म्हणाले, "राक्षस हाय का तहसीलदार? नोटीस वाचायलाय निस्ता."
बरोबर आहे. कॉलेजातलं मराठी मध्ये येतं. खोडलं.

७ मार्च
टँकरच्या रांगेत घागरी लावून गल्लीतली पोरं माझ्या ओट्यावर बसतात. त्यांच्यावरच प्रयोग. आज घो. म्हणाला, "तुझ्या आईला गिळीन, तुमच्या घराचं पाणी तोडीन!"
हसणं नाही, किंचाळणं नाही. शेजारच्या बसूची धाकटी बहीण मंगल रडायला लागली. पाणी तर खरंच तुटलंय, तिला राक्षस कशाला हवा?
धडा : आईला हात लावायचा नाही. जे खरोखर घडतंय त्याची धमकी द्यायची नाही.

१० मार्च
उलट टोक. घो.ला बोबडं केलं. पोरं लोळली. पण पुढे काशी विहिरीत उतरली तेव्हा एकानेही श्वास धरला नाही. बसू शेंगा फोडत होता. भीती गेली की हसू नुसतं गुदगुल्यांचं, आणि गोष्ट मेली.

१२ मार्च
सापडलं बहुतेक. "तुझी हाडं फोडीन! हाडांचा भुगा करीन! त्या भुग्याचे धपाटे थापीन! आणि... दही नसेल तर खाणार नाही!"
पहिल्या दोन वाक्यांना पोट आवळलं पाहिजे, तिसऱ्याला शंका, चौथ्याला फुटलं पाहिजे. मजा चौथ्याच्या आधीच्या थांब्यात आहे. आणि वाचताना मी हसायचं नाही. घो.ला आपण विनोदी आहोत हे माहीतच नाही. त्याला खरोखरच दही हवंय.
हे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "काही म्हण, तुला राक्षस लई जमतो." दुर्लक्ष केलं.

१४ मार्च
ओट्यावरचं वाचन फार रंगलं. धपाट्यांना टाळ्या. पण सगळ्यांत जास्त उचललं ते काशीला दिलेलं नाव : "ए गळक्या घागरी! डाग दिला तरी गळशील!" लहान, ठसकेबाज. टँकर आला तरी पोरं तेच ओरडत धावली.
समाधान वाटलं. रात्री झोप चांगली.

१७ मार्च
पोरांतली जुबेदा दोन दिवस ओट्यावर नाही. पलीकडे पत्र्याखाली तिचे वडील भांड्यांना कथलाचा डाग देऊन गळती बुजवतात. यंदा घराघरातल्या फुटक्या घागरी त्यांच्याकडेच. तिची आई रांगेत भेटली.
"अक्का, पोरं चिडवायलेत तिला. गळकी घागर, गळकी घागर. शाळेत बी. रांगेला बी मलाच यावं लागायलंय."
"कोण पोरं?"
"सगळेच की." मग हळूच, "तुमच्या गोष्टीतलं हाय म्हणे."
बाई भांडायला आली नव्हती, हेच वाईट.

१८ मार्च
बसूचा कान धरला. "पुन्हा म्हणशील?" "न्हाई अक्का." कोपऱ्यावर पोचायच्या आत म्हणाला. बंदी घातल्याने शिवीला धार येते.

२१ मार्च
ते वाक्य गोष्टीतून काढून वाचलं. रिकाम्या जागी पोरांनीच एका सुरात भरलं. आणि सगळ्यांच्या माना जुबेदाच्या घराकडे.
गोष्टीतलं दुसरं काही पोरं घरी नेत नाहीत. काशीचं शौर्य ओट्यावरच राहतं, शिवी मात्र खिशात घालून नेतात. ती कुणाला चिकटेल, हे लिहिणाऱ्याने आधी पाहायचं. मी पाहिलं नाही. खोडून भागणार नाही. तिच्यापेक्षा चवदार शिवी तोंडात दिली तरच ही सुटेल.

२३ मार्च
लहान शिवी दगडासारखी, उचलली की फेकता येते. म्हणजे लांब हवी. आणि गल्लीत कुणालाच न बसणारी. रंग नको, अंग नको, धंदा नको, जात तर नकोच. काळी, नकटी, लंगडी, सगळी बाद. मग उरतं काय? भाजीपाला आणि जनावरं.
सकाळपासून मोठ्याने म्हणून पाहतेय. क आणि ख घशातून येतात, राक्षसाला शोभतात. हे पूजेला बसले होते. इष्टलिंग हातात, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पूजा झाल्यावर म्हणाले, "खेकड्याचं काय चाललंय सकाळपासून? मंत्रच विसरलो."

२४ मार्च
"अगं खरकट्या करटीतल्या कुरकुऱ्या खेकड्याच्या खेटरा!"
करटी म्हणजे करवंटी. मी स्वतः तीनदा अडखळले. तेव्हा लक्षात आलं. जीभ अडखळली की हसू शिवी देणाऱ्यावर येतं, खाणाऱ्यावर नाही. मग घो.नेही अडखळावं. "खरकट्या... करकट्या... खरखेकटी..." आणि अडखळला म्हणून चिडावा, इतका की विहिरीचे दगड सुटावेत. एकाच वाक्यात भीतीही वाढते, हसूही. आठवडाभरातलं पहिलं नीट काम.

२८ मार्च
वाचलं. दगड सुटले तिथे मंगलने बसूचा हात धरला, आणि धरलेला असतानाच हसली. हेच हवं होतं.
टँकर आला तरी पोरं जागची हलेनात. एकमेकांना म्हणायला लावतात, जो चुकेल त्याला बाकीचे हसतात. बसू सगळ्यांत जास्त चुकतो. "अक्का, मलाच का येईना?" "तोंडात शेंगा आहेत म्हणून."
गळकी घागर आज ऐकू आली नाही. जुबेदाही आली नाही.

३० मार्च
दुपारी भांडी घासत होते. मागच्या भिंतीवरून आवाज : पूर्ण वाक्य, एका दमात, न अडखळता. मान वर केली तर जुबेदा. "आता तुम्ही म्हणा, अक्का."
म्हटलं. करटीपाशी घसरले. ती हसली नाही, नुसतं बघितलं, मास्तरणीसारखं.
"उद्या ग्रंथालयात ये वाचनाला."
"येते. पण राक्षस मी होणार."
राक्षस माझा आहे, हे मी म्हणणार होते. आवाज माझा, थांबे माझे. पण धपाट्यांचं म्हणून दाखव म्हणाले. दह्याआधी ती एवढी थांबली की माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मुलीला जमतं.
"पण खेकड्यापाशी अडखळायचं हं. राक्षस तिथे चुकतो."
"मी न्हाई चुकणार."
"तू नाही गं, राक्षस."
"पोरं कुणाला हसतील? राक्षसाला का मला?"
आईला विचारून ये, एवढंच म्हटलं. आई म्हणाली, "ह्यांना इचारते." वडिलांनी भट्टीवरून मान न उचलता सांगितलं, "जाऊ दे. आवाज हाय तिला."

३१ मार्च
स. ९ वा. निघायचं आहे. जुबेदा केव्हाची ओट्यावर येऊन बसली आहे, वेणी घट्ट, तोंडाने पुटपुटतेय. बसू समोर उभा : "म्हणून दाखव की." "तिथं ऐक."
रात्री शेवट दोन तऱ्हेने लिहिला. एकात घो. अडखळतो आणि स्वतःच्याच रागाने कोसळतो. दुसऱ्यात अडखळत नाही. मग काशीने काय करायचं ते अजून धड जमलेलं नाही, पण लिहिलं आहे. दोन्ही तिला वाचून दाखवले. कोणता घेणार विचारलं, तर म्हणते, "स्टेजवर गेल्यावर बघते."
अशी बेशिस्त मी कधी चालवून घेतली नव्हती. हे रिक्षा आणायला गेलेत. दोन्ही कागद पिशवीत टाकले.