उजव्या बाजूचं वाक्य

तुला,

‘प्रिय’ लिहून खोडलं. सध्या गुळगुळीत झालेले शब्द खोडायचंच काम चालू आहे. हे पत्रही टाकणार नाही, तेव्हा उत्तराची घाई नको.

रविवारी माझ्या जिवलग मित्राचं लग्न आहे आणि भाषण माझ्या गळ्यात पडलंय. ‘प्रेम, जन्मभर, आनंद सोडून काय ते बोल,’ असं त्याने बजावलंय. तुझ्या-माझ्या लग्नातल्या भाषणात त्याने हे तिन्ही शब्द वापरले होते. आपलं किती टिकलं ते त्याने पाहिलंय.

मग एकेक शब्द खोडून त्या जागी त्या दोघांना प्रत्यक्ष काय करताना पाहिलं, ते लिहिलं. आनंद: त्याचा शिळा विनोद संपायच्या आधीच ती हसते. जन्मभर: त्यांनी खुर्च्या घेतल्या त्या हातांच्या, म्हातारपणी उठायला बऱ्या पडतात म्हणून. प्रेमाला दोन दिवस लागले. शेवटी लिहिलं: चालताना ती न सांगता त्याच्या उजव्या बाजूला येते, कारण त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

घड्याळ लावून मोठ्याने वाचलं. बरोब्बर तीन मिनिटं. फोनवर त्याला ऐकवलं. तो म्हणाला, ‘झकास आहे रे. पण माझे दोन्ही कान ठणठणीत आहेत.’

ते वाक्य काढलंय. त्या जागी अजून काही सुचलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. घर सोडताना दारात तू पहिल्यांदाच माझ्या डाव्या बाजूला उभी होतीस. काहीतरी म्हणालीस आणि मी ‘बरं’ म्हणालो.

काय म्हणाली होतीस?

— मी